शेजारची घरं तपासायची, पण कधी?

आज मी तुमच्याशी देवनहळ्ळीहून बोलतोय. बंगळूरचा विमानतळ म्हणून हे नाव बहुतेकांना माहीत असतं. पण याच तालुक्यात पूजनहळ्ळीला राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचं क्षेत्रीय केंद्रही आहे. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे गावच्या विहिरींत आणि टाक्यांत सोडून हिवताप कसा आटोक्यात येतो, यावर कर्नाटकात बरंच काम झालंय. मी या भागात हिवतापाच्या पाहणीसाठी गावोगावी फिरतो. त्यातली एकच गोष्ट आज नीट समजून घेऊ. एखादा रुग्ण सापडला की आजूबाजूची घरं तपासतात. ती कशासाठी, आणि कधी?

जिथे हिवताप भरपूर असतो तिथे प्रत्येक रुग्णामागे धावता येत नाही. तिथे सगळ्यांना मच्छरदाण्या आणि घरोघरी फवारणी हाच मार्ग असतो. रुग्ण मोजके उरले की काम उलटं होतं. मग प्रत्येक रुग्ण म्हणजे एक प्रश्न असतो: हा ताप आला कुठून आणि गेला कुठे? चीनने यासाठी एक सोपा हिशेब लावला, 1-3-7. पहिल्या दिवसात रुग्णाची नोंद, तीन दिवसांत त्याची चौकशी, सात दिवसांत त्या जागी कारवाई. 2021 मध्ये चीन हिवतापमुक्त जाहीर झाला. आपल्याकडे मंगळूर शहरात 2015 पासून कर्मचाऱ्यांच्या हाती टॅब्लेट दिले, म्हणजे रुग्णाची नोंद होताच त्याचं ठिकाण नकाशावर दिसतं. भारताचं उद्दिष्ट 2030 पर्यंत हिवताप संपवण्याचं आहे.

आता दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही समजुतीसाठी रचलेली आहेत, पण अशी माणसं इथे रोज भेटतात.

पहिला, इमारतीच्या कामावर आलेला ओडिशाचा एक मजूर. तो 1 ऑगस्टला देवनहळ्ळीत आला, 5 तारखेला त्याला थंडी वाजून ताप भरला, 8 तारखेला रक्त तपासलं तर फाल्सिपेरम निघाला. या जातीत डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण 9 ते 14 दिवस जातात. 5 ऑगस्टपासून मागे मोजा. डास चावला तो 22 ते 27 जुलैच्या सुमारास, म्हणजे तो गावी असताना. हा बाहेरून आलेला रुग्ण. मग त्याच्या झोपडीशेजारची इथली दहा घरं तपासून काय मिळणार? फारसं काही नाही. तपासायचे ते त्याच्याबरोबर त्याच गावाहून, त्याच गाडीने आलेले लोक. ते आज तीन वेगवेगळ्या साइटवर पांगलेले असतील. म्हणून मुकादमाकडून नावं घ्यायची, आणि ताप असो नसो, सगळ्यांचं रक्त घ्यायचं. इथे ‘शेजारी’ म्हणजे भिंतीला भिंत लागलेला नव्हे, प्रवासात सोबत असलेला.

फाल्सिपेरममध्ये आणखी एक दिलासा असतो. डासाला लागण देणारी परजीवीची रूपं, म्हणजे गॅमेटोसाइट, रक्तात तापानंतर साधारण दहा दिवसांनी दिसू लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निदान झालं आणि प्रायमाक्विनसह पूर्ण औषध मिळालं, तर बहुधा इथल्या डासांना त्याच्याकडून काहीच मिळत नाही.

दुसरं उदाहरण वेगळं आहे. द्राक्षाच्या मळ्यात राबणाऱ्या एक बाई. गेल्या दोन महिन्यांत गाव सोडून कुठेही गेलेल्या नाहीत. 10 सप्टेंबरला ताप सुरू झाला. आधी दुकानातल्या गोळ्या घेतल्या, मग 16 तारखेला रक्त दिलं, आणि व्हायव्हॅक्स निघाला. या जातीत चावल्यापासून तापापर्यंत साधारण 12 ते 17 दिवस, म्हणजे डास चावला तो 24 ते 29 ऑगस्टच्या दरम्यान, इथेच. इथे शेजारची घरं तपासायलाच हवीत. ज्या डासाने त्यांना दिला, त्याला तो आणखी कुणीतरी दिला असणार.

चौकशी पथक 19 तारखेला पोचलं असं धरा. आता कॅलेंडर हातात घ्या. व्हायव्हॅक्समध्ये गॅमेटोसाइट तापाच्या सुरुवातीलाच रक्तात असतात. म्हणजे 10 ते 16 सप्टेंबर या काळात बाईंना चावलेल्या डासांना लागण झालेली असू शकते. पण डासाच्या अंगात परजीवी तयार व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. त्यामुळे पहिला डास धोकादायक होईल तो 20 सप्टेंबरला, शेवटचा 30 ला. असा डास ज्याला चावेल त्याला ताप येईल 2 ते 17 ऑक्टोबरच्या दरम्यान.

लक्षात आलं का? 19 तारखेला शेजाऱ्यांचं रक्त घेतलं, तर बाईंकडून लागण झालेला एकही माणूस त्यात सापडणं शक्य नाही. त्या दिवशी सापडेल तो ‘देणारा’, म्हणजे बाईंच्या आधी किंवा बाईंबरोबर लागण झालेला. ‘घेणारे’ ऑक्टोबरात दिसतील. सगळ्यांचे अहवाल निगेटिव्ह आले म्हणून वही मिटवली, तर अर्धंच काम झालं. त्या घरांत ऑक्टोबरच्या पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जायला हवं, आणि आशाताईंना या दिवसांत आलेला प्रत्येक ताप कळवायला सांगायला हवा.

याच हिशेबातून सात दिवसांचं महत्त्वही कळतं. बाईंनी दोनच दिवसांत, म्हणजे 12 तारखेला रक्त दिलं असतं, तर सातवा दिवस 19 ला आला असता. पहिला डास पिकायच्या आत फवारणी झाली असती. 16 ला निदान झालं म्हणून सातवा दिवस 23 ला जातो, तोपर्यंत काही डास तयार झालेले असतात. गोळ्या खाऊन काढलेले चार दिवस असे महाग पडतात.

किती दूरची घरं घ्यायची? यावर एकमत नाही. झांबियाच्या दक्षिण भागात 140 मीटर, तर इस्वातिनीत 500 मीटर घेत होते. अनुभव असा की रुग्णाचं स्वतःचं घर आणि अगदी लगतची घरं यांतच जास्त सापडतं. मी स्वतः अंतरापेक्षा डास कुठे वाढतोय ते आधी बघतो: कालवा, रेशीमवाल्यांची टाकी, बांधकामावर पाणी साठवलेला खड्डा. त्या पाण्याच्या बाजूची घरं आधी.

शेवटी तपासणीच्या मर्यादा सांगतो, कारण निगेटिव्ह या शब्दावर फार विश्वास बसतो. झटपट तपासणीच्या किटला दिसायला रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण शंभर-दोनशे परजीवी लागतात. ताप नसलेल्या शेजाऱ्यात ते याहून कमी असू शकतात. उलट बाजूने, फाल्सिपेरमची पट्टी बऱ्या झालेल्या माणसातही काही आठवडे पॉझिटिव्ह राहते. आणि व्हायव्हॅक्स यकृतात झोपून असेल तर रक्तात काहीच दिसत नाही, तो महिन्यांनी उठतो. त्याला एकच तपासणी, ती म्हणजे प्रश्न: गेल्या वर्षी असा ताप आला होता का, आणि चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का? दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडल्या, असं उत्तर फार वेळा येतं. तसं उत्तर आलं की मग बाईंना 24 ते 29 ऑगस्टला डास चावला हा आपला हिशेबही पुन्हा तपासावा लागतो, कारण ती जुनीच लागण असू शकते. म्हणून घरी गेल्यावर रक्त घेण्याआधी हा प्रश्न विचारा, आणि उत्तर तारखेसकट लिहून ठेवा.