जुळलेली बोटं

गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या अखेरीस त्याच्या कुशीला हाताचे दोन कोंब फुटतात. एक-दोन दिवसांनी पायांचेही फुटतात. सुरुवातीला अंगठा हाताचा असो वा पायाचा, डोक्याच्या बाजूलाच असतो. मग सातव्या आठवड्यात हात बाहेरच्या अंगाला सुमारे 90 अंश वळतात आणि पाय तितकेच आतल्या अंगाला. म्हणून आपलं कोपर मागे असतं आणि गुडघा पुढे. उभं राहून तळवे समोर धरा: हाताचा अंगठा बाहेर दिसेल, पायाचा आत.

याच सुमाराला बोटंही सुटी होत असतात. कोंबाचं टोक आधी वल्ह्यासारखं चपटं असतं. बोटं त्यातून उगवत नाहीत. मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि फटी पडतात. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

एखाद्या फटीतल्या पेशी मेल्याच नाहीत, तर बोटं जुळलेली राहतात. हातात बहुधा मधलं बोट आणि अनामिका. नुसती त्वचा जुळली आहे की हाडंही, हे क्ष-किरण चित्रात कळतं. अंगठा आणि तर्जनी जुळलेली असतील तर शस्त्रक्रिया लवकर करतात, कारण दोघांची लांबी वेगळी. वाढताना लांब बोट वाकडं होतं. आणि बोटं वेगळी केल्यावर झाकायला असलेली त्वचा पुरत नाही, म्हणून बहुतेकदा जांघेतून किंवा हाताच्या दुसऱ्या भागातून त्वचा घेऊन तिथे लावावी लागते.