एक एकर सोयाबीनचा हिशेब

लातूर-नांदेड भागात खरिपात सोयाबीनचा पेरा मोठा असतो. पण खर्चाचा हिशेब अनेकदा पट्टी हातात आल्यावरच मांडला जातो. तो पेरणीआधी मांडला, तर बऱ्याच गोष्टी आधीच कळतात.

उदाहरणादाखल एका कोरडवाहू एकराचा अंदाज घेऊ. मशागत-पेरणी 4,000, तीस किलो बियाणे 2,500, डीएपीची एक गोणी आणि गंधक 2,000, तणनाशक-फवारणी 3,500, गुत्त्याने काढणी आणि मळणी 6,000, वाहतूक-हमाली 1,000. शेंगा भरताना पावसाने ओढ दिली, तर तुषार संचाने एक पाणी, त्याचे 1,000. एकूण 20,000 रुपये. घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही.

सात क्विंटल उतारा आणि 4,000 रुपये भाव मिळाला, तर हाती 8,000 उरतात. उतारा पाचवर आला, तर खर्च जेमतेम निघतो.

2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये आहे. पण हिशेब बाजार समितीतल्या चालू दरावर धरावा, कारण हमीभाव खरेदी केंद्रावरच मिळतो. तिथे साधारण 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. काढणीत पाऊस आला की नेमकी तिथेच अडचण होते.

बियाण्यावरचा खर्च मात्र घरीच कमी करता येतो. घरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तर किंवा जास्त उगवले, तर ते बियाणे पेरायला योग्य.