घर दोघांच्या नावावर : कराचा हिशेब आणि हक्काचा हिशेब
(शाखेच्या अभ्यासवर्गातील भाषण)



घर घेताना पत्नीचे किंवा पतीचे नाव खरेदीखतात घालावे का, हा प्रश्न सभासद आम्हाला नेहमी विचारतात. बहुतेकांचा पुढचा प्रश्न असतो, "कर किती वाचेल?" म्हणून आधी कराचे बोलू आणि मग मालकीचे. आज या दोहोंत मालकीची बाजू जड झाली आहे, ती कशी ते उदाहरणाने पाहू.

समजा, पती रेल्वेत लोको पायलट आहे आणि पत्नी टपाल खात्यात पोस्टल असिस्टंट आहे. दोघांनी पन्नास लाखांचे घर घेतले. चौदा लाख पदरचे घातले आणि ३६ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे ३१,२४० रुपये होतो. पहिल्या वर्षी त्यातले सुमारे ३ लाख ३ हजार रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम ७२ हजारांचे.

जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर एका माणसाला वर्षाला जास्तीत जास्त २ लाखांची वजावट मिळते. घर आणि कर्ज दोन्ही एकट्या पतीच्या नावावर असेल तर वरचे १ लाख ३ हजार रुपये वाया जातात. दोघे निम्मे-निम्मे मालक आणि दोघेही कर्जदार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दीड लाख व्याज येते आणि सगळेच्या सगळे वजावटीत बसते. मुद्दलाची वजावटही प्रत्येकाला वेगळी आहे, पण ती दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. भविष्य निर्वाह निधी आणि विम्याने आपल्या बहुतेक सभासदांची ती मर्यादा आधीच भरलेली असते.

इथे दोन अटी लक्षात ठेवा. वजावट मागणारा घराचा सहमालक हवा आणि कर्जाचा सहकर्जदारही हवा. बँकेने पत्नीची कर्जावर सही घेतली पण खरेदीखतात तिचे नाव नाही, तर तिला वजावट नाही. उलट, खरेदीखतात नाव आहे पण कर्ज एकट्या पतीने घेतले, तरीही तिला नाही. खात्याकडून मिळणारी घरबांधणी अग्रिम रक्कम एकट्याच्या नावाने मंजूर झाली तर हीच अडचण येते. २०१७ च्या नियमांपासून पती-पत्नी दोघेही केंद्र सरकारी कर्मचारी असतील तर ही अग्रिम रक्कम दोघांना मिळून किंवा वेगवेगळी घेता येते. अर्ज करण्यापूर्वी हे कार्यालयात विचारून घ्या.

आता कराची दुसरी बाजू. नव्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मुळीच नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून त्या पद्धतीत पगारदाराचे पावणेतेरा लाखांपर्यंतचे वार्षिक वेतन करमुक्त झाले. आपल्या उदाहरणातल्या पत्नीचा पगार वर्षाला नऊ लाख आहे. तिचा कर नव्या पद्धतीत शून्य. वजावटीसाठी ती जुन्या पद्धतीत गेली तर उलट तेवीस हजारांच्या घरात कर भरावा लागेल. पतीचा पगार सोळा लाख धरा. नव्या पद्धतीत त्याचा कर सुमारे १ लाख १३ हजार होतो. जुन्या पद्धतीत व्याजाचे पूर्ण दोन लाख आणि बचतीचे दीड लाख वजा केले तरी तो सुमारे १ लाख ७९ हजार होतो. म्हणजे या जोडप्याला जुन्या पद्धतीत जाणे परवडत नाही. मग घर एकाच्या नावावर असो वा दोघांच्या, करात एका पैशाचा फरक पडत नाही.

जुनी पद्धत आजही कोणाला परवडू शकते? ज्याची नेमणूक मोठ्या शहरात आहे, जो तिथे भारी भाडे भरून घरभाडे भत्त्याची सूट घेतो आणि ज्याचे कर्जाचे घर दुसरीकडे आहे, अशाला. पती-पत्नींपैकी प्रत्येकाला आपली पद्धत वेगळी निवडता येते. म्हणून दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडा आणि मगच कार्यालयात पद्धत कळवा.

मग नाव घालायचे कशासाठी? मालकीसाठी.

आपल्या देशात लग्नामुळे आपोआप जोडीदाराच्या घरात मालकी मिळत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याने सर्वसाधारणपणे दोघांचा निम्मा हक्क मानला जातो, पण इतरत्र तसे नाही. हप्ते पत्नीच्या पगारातून गेले आणि कागद पतीच्या नावाचा असला, तर संसार मोडल्यावर आपला पैसा गेला हे तिला कोर्टात सिद्ध करत बसावे लागते.

मृत्यूनंतरचा हिशेब याहून बोलका आहे. समजा, पती मृत्युपत्र न करता गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू असलेल्या १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे या चौघांना समान वाटा मिळतो. घर एकट्या पतीचे असेल तर पत्नीला त्यातला चौथा हिस्सा मिळेल. घर दोघांचे निम्मे-निम्मे असेल तर तिचा स्वतःचा निम्मा हिस्सा तिचाच राहतो आणि पतीच्या निम्म्यातला चौथा हिस्सा, म्हणजे घराचा आठवा भाग, तिला आणखी मिळतो. आठात पाच भाग तिचे झाले. मात्र संयुक्त नाव म्हणजे मागे राहिलेल्याला सगळे घर, असे नाही. सोसायटीत पत्नीचे नाव वारसदार म्हणून नोंदले तरी इतर वारसांचा हक्क जात नाही. पतीचा हिस्साही तिलाच मिळावा असे वाटत असेल तर मृत्युपत्र करावे लागते.

हिस्सा किती, हे खरेदीखतातच लिहा. ते न लिहिल्यास १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ज्याने जितका पैसा घातला तितका त्याचा हिस्सा धरला जातो आणि पुरावा नसेल तर समान मानला जातो. म्हणून सुरुवातीची रक्कम आणि हप्ते कोणाच्या खात्यातून गेले याचे कागद जपून ठेवा. पत्नी नोकरी करत नसेल तरी तिचे नाव घालता येते. पतीच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेले घर बेनामी ठरत नाही. तिला करात सूट मिळणार नाही आणि घराचे भाडे आले तर तिच्या वाट्याचे भाडेही पतीच्याच उत्पन्नात धरले जाईल, पण खरेदीखताने दिलेला हक्क तिचा राहतो.

याची किंमतही समजून घ्या. सहकर्जदार म्हणून सही केली की बँक सगळे कर्ज दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकते. हिस्सा निम्मा असला तरी देणे पुरे. कर्जाचा विमा अनेकदा एकाच्याच जिवावर काढलेला असतो. तो पतीचा असेल आणि पत्नी आधी गेली तर विमा एक पैसाही देत नाही आणि तिच्या पगारावर चाललेला हप्ता पतीवर पडतो. म्हणून विम्याचा कागद वाचा आणि हप्ता दोघांच्या पगारांवर चालणार असेल तर विमा दोघांचा घ्या.

नाव मागाहून घालू म्हणून थांबू नका. मागाहून बक्षीसपत्र करावे लागते, त्याची नोंदणी करावी लागते, राज्याराज्यात निराळे असलेले मुद्रांक शुल्क भरावे लागते आणि कर्ज चालू असेल तर बँकेची संमती आणावी लागते. खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर हे काम एका ओळीत होते. सही करण्यापूर्वी मसुदा दोघांनी वाचा. दोघांची नावे, दोघांचे हिस्से आणि कर्जाच्या करारातील नावे एकमेकांशी जुळतात की नाही, एवढे तपासा. जुळत नसतील तर सही त्या दिवशी थांबवा आणि मसुदा दुरुस्त करून घ्या.