पहिल्याच स्लाइडवर घोळ

मागच्या एकादशीला मी साबुदाणा खिचडीचं करूसेल टाकलं. साहित्याच्या स्लाइडवर लिहिलं, ‘भिजवलेला साबुदाणा, १ वाटी’. सकाळी मावशीचा फोन. “अगं, पाणी किती ते कुठंय? मी भरपूर घातलं, रात्रीत लगदा झाला. आता उपासाला काय खाऊ?”

चूक माझीच. आता त्याच स्लाइडवर लिहिते: दोनदा धुवा, दाणे जेमतेम बुडतील इतकंच पाणी ठेवा, रात्रभर झाका. पुढच्या स्लाइडवर फक्त चिमटीचा क्लोजअप. दाणा सहज चुरडला पाहिजे, मधे कडक कण नको. मग कूट, मीठ, साखर आधीच कालवायचं आणि तुपातल्या जिरं-मिरचीवर घालायचं. दाणा पारदर्शक दिसला की गॅस बंद, नाहीतर चिवट होते.

ताटाचा फोटो शेवटी. मावशीने तो बघितलाच नव्हता म्हणे!