शेवटचा हप्ता आणि मूळ फाइल

समजा, एका डिझायनर ताईंनी मसाल्याच्या पाकिटांचं काम तीस हजारांत घेतलं. करारात त्यांनी तीन हप्ते लिहिले: बारा हजार काम सुरू होण्याआधी, नऊ हजार आराखडा पसंत पडल्यावर आणि उरलेले नऊ हजार छपाईची मूळ फाइल देण्याआधी. तोवर ग्राहकाला फक्त पुसट शिक्का मारलेला नमुना दिसतो. फाइल एकदा हातात पडली की पैशाची घाई कुणालाच राहत नाही, म्हणून मला हा शेवटचा हप्ता सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुरुस्त्यांचंही तसंच. "दोन फेऱ्या" एवढंच लिहिलं तर वाद होतो. एक फेरी म्हणजे सगळ्या सूचना एकत्र, एकाच ईमेलवर, ठरलेल्या एका माणसाकडून. रंग किंवा अक्षर बदलणं ही दुरुस्ती. पसंत आराखडा टाकून नवी कल्पना मागणं हे नवं काम, त्याचा दर वेगळा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर टप्पा मंजूर धरला जाईल, हेही लिहावं. गप्प बसून काम लांबवणारे ग्राहक याच ओळीने मार्गावर येतात.

तरीही बिल थकलं तर? काम घेण्याआधीच 'उद्यम' नोंदणी केलेली असेल, तर 2006च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार करारातली मुदतही पंचेचाळीस दिवसांपुढे जाऊ शकत नाही. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. तिथे करार, बिल आणि मंजुरीचे ईमेल पुरावा म्हणून जोडावेत.