शून्यापाशी चढ सापडतो, पण स्थिरावत नाही



उच्च माध्यमिक गणितात f(x) = x² sin(1/x) हे फलन भेटते. x शून्य असताना sin(1/x) ला अर्थ उरत नाही, म्हणून f(0) = 0 असे वेगळे ठरवून दिलेले असते. प्रश्न दोन असतात. शून्यापाशी हे फलन अवकलनीय आहे काय? आणि त्याचा अवकलज तेथे संतत आहे काय?

पुष्कळ विद्यार्थी प्रथम गुणाकाराचा नियम लावतात आणि f′(x) = 2x sin(1/x) − cos(1/x) असे सूत्र मिळवतात. x शून्याकडे नेला की यातील cos(1/x) कोठेच स्थिरावत नाही. तेव्हा शून्यापाशी अवकलज नाही, असा निर्वाळा ते देऊन टाकतात. सूत्र बरोबर असते, निष्कर्ष मात्र चुकतो. ते सूत्र x शून्य नसतानाच लागू पडते. प्रत्यक्ष शून्याविषयी व्याख्येलाच विचारावे लागते.

व्याख्येप्रमाणे आरंभबिंदू आणि आलेखावरील जवळचा बिंदू यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढावयाचा. हा चढ (f(h) − f(0))/h, म्हणजेच h sin(1/h). साइनची किंमत −१ ते १ यांच्या बाहेर जात नाही. म्हणून h ०.०१ असेल, तर चढाचे केवल मूल्य ०.०१ हून अधिक होऊ शकत नाही. h जसजसा लहान होतो, तसतसा चढही शून्यात विरतो. अर्थात f′(0) = 0, आणि फलन शून्यापाशी अवकलनीय आहे.

आता दुसरा प्रश्न. x = 1/(200π), म्हणजे सुमारे ०.००१५९१५, येथे साइन शून्य व कोसाइन १ असल्याने चढ −१ येतो. शेजारच्या x = 1/(201π), म्हणजे सुमारे ०.००१५८३६, येथे तोच चढ +१ होतो. शून्याच्या कितीही जवळ गेले, तरी अशा जोड्या सापडतच राहतात. म्हणून f′(x) ला तेथे सीमा नाही. अवकलज अस्तित्वात आहे, पण संतत नाही.

मध्यमान प्रमेयावरून असे निघते की, संतत फलनाच्या f′(x) ला शून्यापाशी सीमा असेल, तर तीच f′(0) ची किंमत होय. सीमाच नसेल, तर मात्र हा मार्ग काहीही सांगत नाही. विद्यार्थी त्या मौनाला नकार समजतात, हीच खरी चूक. x sin(1/x) चे उदाहरण घेतले, तर व्याख्येतून sin(1/h) उरते, त्याला सीमा नाही. तेथे नकार खरा ठरतो. उलट x³ sin(1/x) चा अवकलज 3x² sin(1/x) − x cos(1/x) शून्याकडेच जातो. sin(1/x) पुढील पहिल्या x ने फलनाला सातत्य मिळते, दुसऱ्याने अवकलज मिळतो, आणि तिसऱ्याने त्या अवकलजाला सातत्य येते.