शेअर वर गेला, तरी कॉल खाली का आला?

ऑप्शनवर बोललं की एक प्रश्न हमखास येतो: "शेअर वाढेल म्हणून स्वस्तातला कॉल घेतला. शेअर वाढलासुद्धा. तरी माझे पैसे कमी कसे झाले?" आज फक्त एवढंच बघू.

आपल्या माण, खटाव, आटपाडी पट्ट्यातली कितीतरी माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात परराज्यांत आहेत. त्यांना विचारा. रोख पैसे मोजून सोनं घेतलं आणि भाव १ टक्का वाढला, तर मालाची किंमतही १ टक्काच वाढते. म्हणजे पट १. ऑप्शनमध्ये हा पट बराच मोठा असतो. शेअर १ टक्का हलला तर ऑप्शनचा भाव किती टक्के हलेल, ते हा पट सांगतो. याला ओमेगा किंवा लिव्हरेज रेशो म्हणतात.

काढायला सोपा आहे. डेल्टा गुणिले शेअरचा भाव, भागिले ऑप्शनचा भाव. डेल्टा म्हणजे शेअर १ रुपया वाढला तर ऑप्शन किती रुपये वाढेल तो आकडा. बऱ्याच ब्रोकर ॲपमध्ये ऑप्शन चेनमध्ये तो दिसतो. ओमेगा सहसा दिसत नाही, तो आपणच काढायचा.

आता एक काल्पनिक शेअर घेऊ. भाव १००० रुपये, एक्स्पायरीला ३० दिवस, व्होलॅटिलिटी वर्षाला २५ टक्के. व्याज बाजूला ठेवलंय. ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात हे टाकलं की तीन कॉलचे भाव असे येतात.

९०० स्ट्राइकचा कॉल १०२ रुपयांना, डेल्टा ०.९३. ओमेगा साधारण ९.
१००० चा कॉल २८.६० ला, डेल्टा ०.५१. ओमेगा १८.
११०० चा कॉल ३.२० ला, डेल्टा जेमतेम ०.१०. ओमेगा ३०.

गंमत बघा. ११०० च्या कॉलचा डेल्टा सगळ्यात बारका, तरी ओमेगा सगळ्यात मोठा, कारण भागाकारात खाली फक्त ३.२० आहेत. लॉट ५०० चा धरला तर हा कॉल १६०० रुपयांत येतो, ९०० वाल्याला ५१ हजार लागतात. नवीन पोरं कुठे वळणार, सांगायला नको.

आणि ओमेगा खोटं बोलत नाही. शेअर आजच्या आज १०१० झाला, तर ११०० चा कॉल ३.२० वरून ४.३० च्या आसपास जातो. सुमारे ३४ टक्के वाढ. ३० पेक्षा थोडी जास्तच, कारण शेअर वर जाताना डेल्टाही वाढत जातो.

पण "आजच्या आज" हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ओमेगा या क्षणाचा पट सांगतो, त्यात वेळ धरलेला नाही. आता समजा तोच १ टक्का यायला १० दिवस लागले. शेअर १०१०, एक्स्पायरीला उरले २० दिवस, बाकी सगळं तेच.

९०० चा कॉल १०२ वरून साधारण ११०.५० होतो, ८ टक्के वर. ओमेगा ९ होता, म्हणजे जवळजवळ सगळं हातात आलं. १००० चा कॉल २८.६० वरून २८.८०. जिथल्या तिथं. आणि ११०० चा? ३.२० वरून २ रुपये. शेअर १ टक्का वर, कॉल सुमारे ३८ टक्के खाली.

झालं काय, ते समजून घ्या. ९०० च्या कॉलच्या १०२ रुपयांतले १०० रुपये शेअर आधीच वर असल्याचे आहेत, वेळेचे फक्त २. ११०० च्या कॉलमध्ये ३.२० च्या ३.२० रुपये निव्वळ वेळेचे आणि आशेचे. शेअर हललाच नसता तर १० दिवसांत त्याचे १.३० उरले असते. जमीन घ्यायला इसार दिला आणि मुदतीत व्यवहार केला नाही, तर इसार बुडतो, तसलाच प्रकार. फक्त इथं मुदत संपेपर्यंत थांबावं लागत नाही, इसार रोज थोडा थोडा वितळतो.

दुसरी गोष्ट लोक बघत नाहीत. ३.२० च्या ऑप्शनमध्ये घ्यायच्या आणि विकायच्या भावात २० पैशांचं अंतर असेल, तर ते ६ टक्के झालं. घेतल्या घेतल्या तेवढे मागे. उलट ९०० सारख्या कॉलमध्ये सौदे कमी होतात, तिथं हे अंतर रुपयांत मोठं असू शकतं. म्हणून दोन्ही भाव बघूनच ऑर्डर टाका, तीसुद्धा लिमिट ऑर्डर.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा अनेकांनी ऐकला असेल: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ मधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. त्याची कारणं बरीच आहेत, ब्रोकरेज आणि करही त्यात आले. पण माझ्या मते मोठा पट दिसला की तेवढाच बघायचा, ही सवय त्यात नक्की आहे.

मी स्वतः ओमेगाशेजारी आणखी एक आकडा मांडतो. ॲपमध्ये थीटा दिसतो, म्हणजे एका दिवसात ऑप्शन किती रुपये गमावतो ते. त्याला ऑप्शनच्या भावाने भागा. आपल्या ११०० च्या कॉलचा थीटा पहिल्या दिवशी २१ पैशांच्या आसपास, म्हणजे रोज साधारण साडेसहा टक्के. ओमेगा ३०. साडेसहा भागिले तीस, म्हणजे शेअरला रोज जवळजवळ पाव टक्का वर जावंच लागेल, तेव्हा कुठं हा कॉल जागेवर राहील. ९०० च्या कॉलला हाच हिशेब लावून बघा, आणि आलेला आकडा कमेंटमध्ये टाका.